‘नाही’ आणि ‘वगळता’चे प्रश्न: व्यवस्थापनाच्या पेपरात उत्तर उलटे का पडते आणि ते कसे थांबवायचे

तक्रार नेहमीची आहे. सेट किंवा नेटचा सराव पेपर सोडवला, उत्तरे ताडून पाहिली आणि चुकलेल्या प्रश्नांत काही असे निघाले की त्यांतला विषय पक्का येत होता. फेयॉलची तत्त्वे पाठ आहेत, हर्झबर्ग समजलेला आहे, तरी ‘यांपैकी कोणते तत्त्व नाही’ असे विचारल्यावर जे तत्त्व आहे त्याच्यावरच खूण पडली. पुढच्या वेळी लक्ष देऊन वाचायचे असे ठरते आणि पुढच्या वेळीही तेच होते. ‘लक्ष देऊन वाचा’ या सल्ल्याने हे दुखणे बरे होत नाही, कारण बहुतेक वेळा प्रश्न लक्ष देऊनच वाचलेला असतो. चूक होते ती वाचून झाल्यावर, पर्याय तपासताना.

सोलापुरात एमबीए किंवा एम.कॉम. करता करता सेट-नेटची तयारी करणारे बरेच जण आहेत, म्हणून खालची उदाहरणे त्यांच्या अभ्यासक्रमातली घेतली आहेत. बारावीच्या वाणिज्य संघटन व व्यवस्थापन विषयात ‘विसंगत शब्द ओळखा’ म्हणून येतो तो प्रश्न याच जातीचा असतो, त्यामुळे पद्धत तिथेही चालते.

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण पुढे ‘एवढे करायला वेळ कुठे आहे’ हा प्रश्न येणारच. नेटला 150 प्रश्न आणि 180 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. सेटच्या दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न आणि 120 मिनिटे, तिथेही 72 सेकंदच. दोन्हीकडे प्रश्न दोन गुणांचा आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे उत्तर उलटे पडले तर मिळू शकणारे दोन गुण जातात, पदरचे जात नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षांत मात्र हे दुखणे जास्त महाग पडते.

चूक वाचनाची की अभ्यासाची, हे आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नकारार्थी प्रश्न चुकला की ‘अरे, नाही वाचलंच नाही’ असे म्हणून पुढे जातात. काही वेळा ते खरे असते. काही वेळा चूक अभ्यासातली असते आणि वाचनाच्या नावावर खपून जाते. मग ती दुरुस्त होत नाही.

हा प्रश्न पाहा.

लूथर गुलिक यांच्या ‘पोस्डकॉर्ब’ या संज्ञेत खालीलपैकी कोणत्या कार्याचा समावेश नाही?
(अ) कर्मचारी नियुक्ती
(ब) समन्वय
(क) नियंत्रण
(ड) अंदाजपत्रक

उत्तर (क) आहे. 1937 साली गुलिक यांनी मांडलेल्या या संज्ञेत नियोजन, संघटन, कर्मचारी नियुक्ती, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक ही सात कार्ये येतात. ‘नियंत्रण’ या नावाचे वेगळे कार्य त्यांत नाही. ज्याने (ब) निवडले त्याला विचारा की पोस्डकॉर्बमधले ‘को’ म्हणजे काय. तो ‘कंट्रोलिंग’ म्हणाला, तर प्रश्न त्याने बरोबर वाचला होता आणि यादी चुकीची पाठ केली होती. त्याला ‘नाही’खाली रेघ मारायला शिकवून काही उपयोग नाही. आणि ‘को म्हणजे कोऑर्डिनेशन’ असे न अडखळता सांगणाऱ्याने (ब)वर खूण केली असेल, तर ती खरी उलटी चूक.

फरक ओळखण्याची चाचणी सोपी आहे. चुकलेला प्रश्न घ्या, प्रश्नाचे वाक्य हाताने झाका आणि नुसत्या चार पर्यायांपुढे लिहा: हे यादीत आहे, की नाही. चारही खुणा बरोबर आल्या आणि तरी पेपरात उत्तर चुकले असेल, तर चूक वाचनाची. एखादी खूणच चुकली, तर चूक अभ्यासाची. जुन्या प्रश्नपत्रिकांतून नकारार्थी प्रश्न वेगळे काढून वीस-पंचवीस प्रश्नांवर ही चाचणी केली की आपले माप कळते. पुढचे सगळे पहिल्या गटासाठी आहे.

उत्तर नेमके कुठे उलटते

पहिली जागा प्रश्नाच्या वाक्यात असते. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या अगदी शेवटी येते. ‘खालीलपैकी कोणते फेयॉल यांनी सांगितलेल्या व्यवस्थापनाच्या चौदा तत्त्वांपैकी एक तत्त्व…’ इथपर्यंत वाचेस्तोवर डोक्यात होकारार्थी प्रश्न तयार झालेला असतो आणि डोळे पर्यायांकडे निघालेले असतात. इंग्रजी पेपरात ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापतात. मराठीत मोठी अक्षरेच नाहीत. शब्द ठळक किंवा अधोरेखित केला तर ठीक, नाही तर तो इतर शब्दांसारखाच दिसतो. यावर उपाय एकच आणि तो चालतो: प्रश्नाचे शेवटचे दोन शब्द आधी वाचायचे, मग सुरुवातीपासून वाचायचे. दोन सेकंद लागतात. इंग्रजीत ‘एक्सेप्ट’ही बहुधा वाक्याच्या शेवटी असते, त्यामुळे तिथेही हीच सवय उपयोगी पडते. ‘नॉट’ मात्र मधे कुठेही असू शकते.

दुसरी जागा पर्यायांत असते आणि तयारी केलेली मुले जास्त करून इथेच अडकतात. ‘नाही’ वाचलेले असते, लक्षातही असते. मग पर्याय (अ) येतो, ‘आदेशातील एकवाक्यता’. हे इतके ओळखीचे असते की ते दिसताच ‘बरोबर!’ असे मनात उमटते. ‘बरोबर’ म्हणजे हे फेयॉलचे तत्त्व आहे. पण पेपरात ‘बरोबर’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘हेच उत्तर’ असा असतो, आणि घाईत एक अर्थ दुसऱ्यावर सरकतो. खूण होते, पुढचे पर्याय वाचलेच जात नाहीत. आपली उलटी उत्तरे पहिल्या दोन पर्यायांवरच जास्त पडताना दिसत असतील, तर रोग हाच आहे.

तिसरी जागा म्हणजे दोन नकार. प्रश्नात एक ‘नाही’, पर्यायात दुसरे, किंवा प्रश्नातच ‘भंग होत नाही’, ‘अभाव आढळत नाही’ अशी जोडी. याची उदाहरणे सविस्तर पाहू, कारण व्यवस्थापनाच्या विषयात ती आपोआप तयार होतात.

चार अक्षरांची पद्धत

मूळ कल्पना अशी: ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द या प्रश्नांपुरते डोक्यातून काढून टाकायचे. त्यांच्या जागी ‘हो’ आणि ‘नाही’ वापरायचे, आणि तेही एका ठरावीक होकारार्थी प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून.

प्रश्नातला नकार दिसला की त्याला गोल करा. संगणकावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहून पुढे फुली मारा. फुलीचा अर्थ ‘हा नकाराचा प्रश्न’. मग नकार काढून प्रश्न होकारार्थी करा आणि एका पर्यायाला एकदाच विचारा. ‘कोणते फेयॉलचे तत्त्व नाही’ याचे होते ‘हे फेयॉलचे तत्त्व आहे का?’ उत्तर ‘ह’ किंवा ‘न’ एवढेच लिहा. चारही पर्यायांना लिहा, उत्तर दुसऱ्याच पर्यायात सापडले असे वाटले तरी. कागदावर असे काहीतरी दिसेल:

४७ ×  ह ह न ह

आता प्रश्नाकडे बघायची गरज नाही. एकटे पडलेले अक्षर उत्तर आहे. शेवटी निवडलेला पर्याय मूळ वाक्यात घालून पूर्ण वाक्य एकदा मनात म्हणा: ‘ठोकताळ्याऐवजी शास्त्र हे फेयॉलचे तत्त्व नाही.’ हे वाक्य खरे असले पाहिजे. इथे ते खरे आहे, कारण हे तत्त्व टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनातले आहे.

या पद्धतीची खरी ताकद मोजणीत आहे. नकाराच्या साध्या प्रश्नात तीन ‘ह’ आणि एक ‘न’ आलेच पाहिजेत. दोन-दोन आले तर कुठल्या तरी एका पर्यायाबद्दल माहिती कच्ची आहे, त्यामुळे त्या दोन ‘न’वर परत जा. तीन ‘न’ आणि एक ‘ह’ आला तर प्रश्न मुळात नकाराचा नव्हता, किंवा होकारार्थी करताना तुम्ही तो फिरवला. चारही ‘ह’ आले, तर एखादा पर्याय ओळखीचा वाटला म्हणून तुम्ही तो न तपासता पुढे गेलात. म्हणजे खूण करण्याआधीच चूक समोर येते, नुसते लक्ष देऊन वाचल्याने हे कळत नाही.

चारही पर्याय एरवीही वाचायचेच असतात, जास्तीचे फक्त अक्षर लिहिणे आहे. थोड्या सरावानंतर ते 72 सेकंदांत आरामात बसते. आमचे मत विचाराल तर ही पद्धत फक्त नकाराच्या प्रश्नांनाच लावा. सगळ्या प्रश्नांना लावली की ती यांत्रिक होते आणि फुलीचा इशारा बोथट होतो.

दोन नकार: हर्झबर्गचा प्रश्न

फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धांतात नकार आतच बसलेला आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार असमाधानाच्या उलट समाधान येत नाही, ‘असमाधान नसणे’ येते. हायजिन घटक, म्हणजे वेतन, देखरेख, कंपनीचे धोरण, कामाची परिस्थिती, सहकाऱ्यांशी संबंध, हे नीट नसतील तर माणूस असमाधानी होतो. नीट असतील तर असमाधान जाते, पण त्याने प्रेरणा येत नाही. प्रेरणा येते सिद्धी, मान्यता, जबाबदारी, प्रगती आणि खुद्द कामातून. त्यामुळे या सिद्धांतावरचे खरे विधानसुद्धा ‘नाही’ने संपते. त्यावर नकाराचा प्रश्न आला की असे होते:

हर्झबर्ग यांच्या हायजिन घटकांबद्दल खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?
(अ) त्यांच्या अभावी असमाधान निर्माण होते.
(ब) ते पुरेसे असले तरी त्यांच्यामुळे प्रेरणा निर्माण होत नाही.
(क) ते पुरेसे असले की असमाधान राहत नाही.
(ड) ते कामाच्या आशयाशी निगडित असतात.

इथे हमखास निवडला जातो तो (ब). प्रश्नात ‘नाही’, पर्यायात ‘नाही’, आणि दोन्ही एकमेकांना जुळतात असे वाटते. काही जण उलट गणित करतात: दोन नकार, म्हणजे होकार, म्हणजे (ब) आणि (क) दोन्ही बाद. दोन्ही रस्ते चुकीचे आहेत. दुसऱ्या रस्त्याने कधी योगायोगाने बरोबर उत्तर येते आणि म्हणून तो सुटत नाही.

प्रश्नातला नकार आणि पर्यायातला नकार यांचा एकमेकांशी व्यवहार नसतो. पर्यायातला नकार त्या विधानाचा भाग आहे, तो विधानासकट तपासायचा. प्रश्नातला नकार बाजूला ठेवायचा आणि खरे-खोटे ठरवून झाल्यावरच हातात घ्यायचा. होकारार्थी प्रश्न असा: ‘हे विधान खरे आहे का?’

(अ) अभावी असमाधान होते. खरे आहे, ह. (ब) पुरेसे असले तरी प्रेरणा येत नाही. हर्झबर्ग हेच म्हणतात, ह. विधान ‘नाही’ने संपते म्हणून ते खोटे होत नाही. (क) पुरेसे असले की असमाधान राहत नाही. हेही खरे, ह. (ड) कामाच्या आशयाशी निगडित. इथे थांबा. कामाच्या आशयाशी निगडित असतात ते प्रेरक घटक. हायजिन घटक कामाच्या भोवतीच्या परिस्थितीशी निगडित असतात. म्हणून न.

ह ह ह न. उत्तर (ड). (ड)मध्ये एकही नकारार्थी शब्द नाही, ते साधे, गुळगुळीत वाक्य आहे आणि म्हणूनच नजरेतून सुटते. प्रश्न तयार करणारे अनेकदा हेच करतात: खऱ्या विधानांत नकार पेरायचे आणि खोटे विधान सरळ ठेवायचे. ‘नाही’ दिसणारा पर्याय ‘नाही’च्या प्रश्नाचे उत्तर असेल, ही ओढ ओळखून ठेवा.

(ब) आणि (क) तपासताना जीभ अडखळत असेल तर विधान उलटे करून पाहा: ‘वेतन वाढवले की प्रेरणा येते’ हे हर्झबर्गच्या मते खरे का? खोटे. मग त्याचे उलट, म्हणजे (ब), खरे. एवढे उलटसुलट फक्त पर्यायाच्या आत करायचे, प्रश्नाच्या वाक्याशी नाही.

‘भंग होत नाही’: प्रश्नातच दोन नकार

दुसरा प्रकार प्रसंग देऊन विचारतात. सरावासाठी आपल्याकडचाच प्रसंग घेऊ.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात पुढील गोष्टी घडतात. यांपैकी कोणत्या गोष्टीने आदेशातील एकवाक्यतेच्या तत्त्वाचा भंग होत नाही?
(अ) पाळीचा सुपरवायझर विणकराला मागाचा वेग वाढवायला सांगतो आणि त्याच वेळी गुणवत्ता तपासणारा अधिकारी वेग कमी करायला सांगतो.
(ब) मालक सुपरवायझरला न विचारता विणकराला थेट डिझाइन बदलण्याचा हुकूम देतो आणि सुपरवायझरचा आधीचा हुकूम तसाच राहतो.
(क) विणकाम खात्याचा सुपरवायझर आपल्या वरिष्ठाच्या संमतीने डाईंग खात्याच्या सुपरवायझरशी सुताच्या रंगाबद्दल थेट बोलतो.
(ड) टेलर यांच्या क्रियात्मक फोरमन पद्धतीप्रमाणे एकाच कामगाराला वेग, दुरुस्ती आणि तपासणी यांबाबत तीन वेगळे फोरमन आदेश देतात.

‘भंग’ हा नकार, ‘होत नाही’ हा दुसरा. इथे मोह होतो तो दोन्ही पुसून ‘कोणत्या गोष्टीत तत्त्व पाळले जाते’ असे करण्याचा. वरवर अर्थ तोच वाटतो. पण मग (क)पाशी अडते. दोन समपातळीचे सुपरवायझर एकमेकांशी बोलत आहेत, कुणी कुणाला आदेशच देत नाही. मग एका वरिष्ठाकडूनच आदेश घेण्याचे तत्त्व इथे ‘पाळले’ गेले का? या प्रश्नाला धड उत्तर नाही. माणूस गोंधळतो, (क) सोडून देतो आणि ओळखीच्या (अ)वर किंवा (ड)वर जातो.

म्हणून नियम असा की क्रियापदाचा नकार तेवढा काढायचा, ‘भंग’, ‘अभाव’, ‘उल्लंघन’, ‘विरोध’ हे शब्द आहेत तसे ठेवायचे. होकारार्थी प्रश्न: ‘इथे भंग होतो का?’ (अ) एकाच माणसाला दोन वरिष्ठांचे विरुद्ध आदेश, ह. (ब) मधला वरिष्ठ ओलांडून दुसरा हुकूम, ह. (क) आडवा संवाद, आदेश नाही, न. (ड) एका कामगारावर अनेक वरिष्ठ, ह. फेयॉल आणि टेलर यांची तुलना करताना हाच विरोध नेहमी सांगितला जातो.

ह ह न ह. उत्तर (क). (क)मध्ये जे आहे ते फेयॉल यांच्या ‘गँग प्लँक’च्या कल्पनेत बसते. तिचा संबंध अधिकार साखळीशी आहे, आदेशातील एकवाक्यतेशी नाही. प्रश्नात तत्त्वाचे नाव ‘अधिकार साखळी’ असे असते तर चारही पर्याय नव्याने तपासावे लागले असते. त्यामुळे होकारार्थी प्रश्न मनात म्हणताना तत्त्वाचे पूर्ण नाव घ्या. नुसते ‘भंग होतो का’ म्हटले की कशाचा भंग हे तिसऱ्या पर्यायापर्यंत पुसट होते.

यादी कितीची आहे

‘वगळता’च्या प्रश्नात आणखी एक खाच असते. प्रश्नातली यादी मोठी समजून उत्तर दिले जाते, ती असते लहान. मिंट्झबर्ग यांनी व्यवस्थापकाच्या दहा भूमिका तीन गटांत सांगितल्या. ‘खालील सर्व आंतरवैयक्तिक भूमिका आहेत, वगळता’ असे विचारून पर्याय दिले: नामधारी प्रमुख, नेता, दुवा, प्रवक्ता. चारही मिंट्झबर्गचेच आहेत. ज्याने मनात ‘ही मिंट्झबर्गची भूमिका आहे का’ असा प्रश्न केला त्याला चार ‘ह’ मिळतात. मोजणीने तो इथे थांबतो, परत प्रश्नाकडे जातो आणि ‘आंतरवैयक्तिक’ हा शब्द आता दिसतो. प्रवक्ता ही माहितीविषयक भूमिका, म्हणून उत्तर तीच.

मोजणी कुठे चालत नाही

तीन आणि एक हा हिशेब सगळीकडे लावाल तर फसाल. तीन ठिकाणी तो बदलतो.

पहिले, ‘वरीलपैकी एकही नाही’ हा चौथा पर्याय असेल तेव्हा. नियोजनाचे वैशिष्ट्य कोणते नाही असे विचारले आणि भविष्याभिमुखता, सातत्य, उद्दिष्टांशी निगडित असणे हे तिन्ही ‘ह’ निघाले, तर उत्तर चौथा पर्याय. त्याचा अर्थ ‘वैशिष्ट्य नसलेले यांत काहीच नाही’. या पर्यायाला अक्षर लिहू नका, वरच्या तिघांनाच लिहा.

दुसरे, ‘सर्वांत कमी’ किंवा इंग्रजीत ‘लीस्ट’ असे विचारले तर. तो नकार नाही, ती क्रमवारी आहे. चारही पर्याय काही अंशी लागू असू शकतात. तिथे ह-न न लिहिता 1 ते 4 क्रम द्यावा आणि तळाचा घ्यावा.

तिसरे आणि सर्वांत घातक, विधानांच्या जोड्या. नेटच्या पेपरात हा प्रकार भरपूर दिसतो.

खालीलपैकी कोणती विधाने बरोबर नाहीत?
(अ) थिअरी एक्सनुसार सरासरी माणसाला काम मुळात नकोसे असते.
(ब) थिअरी वायनुसार माणूस स्वभावतःच जबाबदारी टाळतो.
(क) मास्लो यांच्या पदक्रमात आत्मसिद्धी सर्वांत वर येते.
(ड) थिअरी एक्स आणि थिअरी वाय फ्रेडरिक टेलर यांनी मांडल्या.

(1) अ आणि क  (2) ब आणि ड  (3) अ आणि ब  (4) क आणि ड

अ आणि क खरी, ब आणि ड खोटी. थिअरी वायप्रमाणे योग्य परिस्थितीत माणूस जबाबदारी घ्यायला शिकतो, आणि दोन्ही थिअऱ्या 1960 साली डग्लस मॅक्ग्रेगर यांनी मांडल्या. उत्तर (2). पण पर्याय (1) पाहा, तो बरोबर विधानांची नेमकी जोडी आहे. उलटा विचार करणाऱ्याला त्याचे उत्तर तयार मिळते, तेही सर्वांत आधी. साध्या प्रश्नात उलटलेला माणूस तीन पर्यायांत घुटमळतो तरी. इथे घुटमळायला जागाच नाही.

इथे उपाय वेगळा. संकेतांचे पर्याय, म्हणजे 1 ते 4, हाताने झाका. विधानांपुढे ह-न लिहा: ह न ह न. मग प्रश्नाला हवी ती अक्षरे वेगळी लिहून काढा: ‘हवीत न: ब, ड’. हात काढा आणि ही जोडी शोधा. जोडी लिहिण्याआधी पर्याय पाहिले की डोळा आधी भेटलेल्या जुळणीवर थांबतो. संगणकावर झाकता येत नसेल तर पान असे सरकवा की पर्याय पडद्याबाहेर राहतील, नाही तर कागदावर जोडी लिहून होईपर्यंत नजर खाली नेऊ नका. विधान-कारण प्रकारात ‘कारण हे विधानाचे बरोबर स्पष्टीकरण नाही’ असा पर्याय असतो, त्यालाही हेच लागू: आधी दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे खरी का, मग त्यांचा संबंध, मग पर्याय.

सराव करताना

नकाराचे शब्द एका कागदावर एकदाच लिहून ठेवा: नाही, नसलेले, वगळता, खेरीज, सोडून, अपवाद, अयोग्य, असत्य, चुकीचे, विसंगत, न जुळणारे. इंग्रजी पेपरासाठी नॉट, एक्सेप्ट, इनकरेक्ट, फॉल्स, अनलाइक. ‘व्यतिरिक्त’ हा शब्द संदर्भ पाहून घ्या. ‘वेतनाव्यतिरिक्त कोणते घटक प्रेरणा देतात’ यात ‘शिवाय’ असा अर्थ आहे आणि प्रश्न होकारार्थी आहे.

सरावात नकाराचे आणि साधे प्रश्न मिसळून ठेवा. नुसते नकाराचे वीस प्रश्न सलग सोडवले की चौथ्या-पाचव्यापासून मेंदू ‘वेगळा शोध’ या चालीवर बसतो, सगळे बरोबर येतात आणि पेपरात मात्र परत चूक होते. कारण पेपरात तो प्रश्न आठ-दहा साध्या प्रश्नांच्या रांगेनंतर अचानक येतो. पाच साध्यांमागे एक नकाराचा, तोही ठरावीक जागी नाही, असा मेळ ठेवा. मित्राकडून प्रश्न मिसळून घेतले तर अधिक चांगले, कारण कुठे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

पेपर संपल्यावर वेळ उरला तर सगळे परत तपासत बसू नका. फुली मारलेल्या क्रमांकांकडेच जा. त्यांची अक्षरे कागदावर आहेतच. एकटे अक्षर कितव्या पर्यायाचे आहे आणि ओएमआरवर किंवा पडद्यावर तोच पर्याय भरला आहे का, एवढेच पाहा. फुलीच्या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘पर्याय (अ) ओळखीचा वाटतोय’ म्हणून बदलू नका. बदलायचे असेल तर आधी चार अक्षरांपैकी कुठले अक्षर बदलते ते दाखवता आले पाहिजे, आणि बदलल्यावरही तीन आणि एक ही मोजणी उभी राहिली पाहिजे.